घारीचे रविवार

साइटवर तिला सगळे घार म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते चिकटलं आणि तिनंही ते कौतुकानं मिरवलं. सतरा वर्षं ती टॉवर क्रेन चालवत होती. सकाळी शिडीनं साठ मीटर वर चढायचं, काचेच्या इवल्याशा केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसाच्या वॉकीटॉकीवरच्या शब्दावर लोखंडाच्या सळ्या, काँक्रीटच्या बादल्या, खिडक्यांच्या चौकटी अलगद उचलून जिथल्या तिथे ठेवायच्या. "दोन हात डावीकडे, आता सोड, सोड, बास." दिवसभर हेच. तिनं ठेवलेल्या ओझ्याला खालच्या माणसाला शेवटचा धक्का द्यावा लागत नसे, असं मुकादम नव्या लोकांना सांगायचा, आणि ते ऐकलं की तिला दुपारचा चहा जरा जास्त गोड लागायचा.

पण केबिनमध्ये बसून बसून अंग सुटलं होतं. वर गेलं की जेवायला खाली कोण उतरतं? डबा वर, चहाचा थर्मास वर, कंटाळा आला की बिस्किटांचा पुडा वर. चाळिशीला पोचेपर्यंत ती चांगलीच भरली होती. नवरा शिंपी. तो दरवर्षी तिच्या कामाच्या पँट्स गुपचूप अर्धा इंच सैल करून द्यायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

कंपनीनं वरून माणसाची सुटका करण्याची नवी साधनं आणली तेव्हा गोष्ट उघड्यावर आली. क्रेनवर कुणाला काही झालं तर त्याला दोरानं खाली सोडायचं, त्याचं ते यंत्र. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, कमाल भार शंभर किलो. सुरक्षापट्टा, बूट, हेल्मेट, कपडे आणि वॉकीटॉकी यांचे पाच धरले की माणसाला उरले पंचाण्णव. सेफ्टीसाहेबांनी सगळ्यांना काट्यावर उभं केलं. घारीचा आकडा आला एकशे दोन पूर्णांक चार.

सेफ्टीसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"तुम्हाला खाली आणताना दोर तुटेल असं नाही म्हणत मी. पण मला ते करून बघायचं नाही. सहा महिने देतो. तोवर खाली सिग्नल द्या. जागा तुमचीच आहे."

"आणि सहा महिन्यांत नाही झालं तर?"

"तर मग बघू," ते म्हणाले, आणि कागदांकडे वळले. त्या 'बघू'चा अर्थ दोघांनाही कळला होता.

दुसऱ्या दिवसापासून घार जमिनीवर आली. पिवळं जॅकेट घालून, मान वर करून, दुसऱ्या चालकाला सिग्नल देऊ लागली. तो चालक चांगला होता, फक्त थोडा घाईचा. ओझं फिरवताना झुलायचं आणि तिचा जीव वरखाली व्हायचा.

कंपनीच्या दवाखान्यात दर मंगळवारी एक आहारतज्ज्ञ बाई यायच्या. बारीक चणीच्या, केस पिकलेल्या, बोलताना पेन्सिल कानामागे खोचायची सवय. त्यांनी तिचं वय, उंची, काम सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, "तुमचं वजन आहे तिथे राहायला दिवसाला साधारण चोवीसशे कॅलरी लागतात. आपण एकोणीसशे खाऊ या. उपाशी राहायचं नाही. डाळी, अंडी, मासे, भाज्या भरपूर. महिन्याला दीड-दोन किलो गेले की पुष्कळ."

सोपं होतं. सोमवार ते शनिवार खरंच सोपं गेलं. डबा नवऱ्यानं भरायला घेतला, मापून मापून, जणू कापड बेततोय. अडचण होती रविवारची.

रविवारी ती वडिलांकडे जेवायला जायची. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, एकही रविवार चुकला नव्हता. वडील आयुष्यभर लेथवर काम केलेले, त्यांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. आई गेली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वयंपाक शिकायला घेतला. आधी भात करपला, मग पाव दगड झाला, मग हळूहळू हात बसला. आता त्यांचा अख्खा आठवडा रविवारभोवती फिरायचा. गुरुवारी मटणवाल्याला सांगून ठेवायचं, शुक्रवारी बाजार, शनिवारी पीठ मळून झाकून ठेवायचं. रविवारी बाराला घारीनं बेल वाजवली की ते ॲप्रन लावूनच दार उघडायचे आणि म्हणायचे, "आलीस? मग हात धू."

हा रविवार सोडायचा कसा, या विचारात ती असताना तिला वाट दाखवली इमारतीभोवती परांच्या बांधणाऱ्या एका गड्यानं. तो रोज व्यायामशाळेत जायचा आणि दंड फुगवून दाखवायचा.

"अहो ताई, त्यात काय? आठवड्यातून एक दिवस चीट डे ठेवायचा. सहा दिवस शिस्त, सातव्या दिवशी जे दिसेल ते. शरीर फसतं, आतली भट्टी पेटते, उलट वजन जास्त उतरतं."

तिला हे इतकं पटलं की तिनं पुढे काही विचारलंच नाही. चार आठवडे ती सहा दिवस काटेकोर राहिली आणि रविवारी मोकळी सुटली. रविवार सकाळी घरून निघतानाच सुरू व्हायचा, कोपऱ्यावरच्या बेकरीत. 'आज सुट्टी आहे' म्हणून. मग वडिलांकडचं जेवण, मग संध्याकाळचा चहा आणि केक, आणि निघताना वडील हातात देणार तो डबा. डबा घरी जाऊन रात्री संपायचा.

चार आठवड्यांत वजन उतरलं सहाशे ग्रॅम.

"हे कमी आहे," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता, त्या नुसती नोंद घेत होत्या. "सोमवार ते शनिवारचं लिहून आणलंत ते मी पाहिलं. छान आहे. रविवारचं पान कोरं का?"

"तो चीट डे आहे, मॅडम."

"बरं. मग आज आपण फक्त तेवढाच लिहू."

घारीनं आठवून आठवून सांगितलं. बेकरीतले दोन गोड बन. मटणाचा रस्सा दोनदा. ताज्या पावाचे चार जाड तुकडे, लोणी लावून. तळलेले बटाटे. थंड पेयाचे दोन ग्लास. सफरचंदाच्या केकचे तीन तुकडे. चहा. आणि डबा. बाईंनी कानामागची पेन्सिल काढून समोर आकडे मांडले, खाली रेघ ओढली आणि कागद तिच्याकडे वळवला. एकावन्नशे.

"तुम्हाला दिवसाला चोवीसशे लागतात. म्हणजे रविवारी सत्तावीसशे जास्त. आणि सहा दिवस तुम्ही रोज पाचशे वाचवलेत, ते झाले तीन हजार."

घारीनं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. तीन हजारांतून सत्तावीसशे वजा करायला पेन्सिल लागत नव्हती.

"पण ती भट्टी पेटते म्हणतात ना?"

"थोडीशी पेटते. एखाद्या दिवशी जास्त खाल्लं तर शरीर त्यातलं थोडं जास्त जाळतं, खरं आहे. पण ते तुम्ही वर खाल्लेल्याच्या पासंगालाही पुरत नाही. तुम्हाला कुणी फसवलं नाही, ताई. फसवायला निघालात ते शरीर हिशोबाला पक्कं आहे, एवढंच."

त्या संध्याकाळी घार घरी आली ती तोंड पाडून. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "सहा दिवस मी गवत खाल्लं आणि सातव्या दिवशी सगळं परत भरलं. महिनाभर मी नुसती जागच्या जागी धावत होते."

मग तिनं तेच केलं जे अशा वेळी पुष्कळ जण करतात. दुसऱ्या टोकाला गेली. पुढच्या रविवारी वडिलांकडे जाऊन तिनं काकडी, टोमॅटो आणि उकडलेलं एक अंडं खाल्लं. वडील समोर बसून होते. रस्सा गार होत गेला. "पोट बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "थोडं," ती म्हणाली. त्यांनी स्वतःही अर्ध्यावर हात धुतला.

त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. आणि त्या बुधवारी बांध फुटला. कामावरून परतताना ती बेकरीसमोर थांबली, गरम पाव घेतला आणि घरी पोचेपर्यंत अख्खा संपवला. मग वाटलं, आता आठवडा गेलाच आहे, तर जाऊ दे. गुरुवारी कँटीनमध्ये दोनदा वाढून घेतलं. शुक्रवारी घरातला बिस्किटांचा डबा रिकामा केला. मंगळवारी काट्यानं एकशे दोन पूर्णांक एक दाखवलं. सात आठवडे झाले होते आणि ती जवळपास सुरुवातीच्या जागी उभी होती.

बाईंनी या वेळी आकडे मांडले नाहीत. त्यांनी विचारलं, "रविवारी तुम्ही कुठे जेवता, सांगाल का मला?"

घारीनं सांगितलं. आई, वडील, लेथ, करपलेला भात, ॲप्रन, सगळं.

बाईंनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "मग तो चीट डे नाहीच," त्या म्हणाल्या. "चीट म्हणजे फसवणूक. वडिलांकडे जेवायला जाणं ही काय फसवणूक आहे? तो दिवस काढून टाकला तर तुम्ही फार काळ टिकणार नाही, ते मी आत्ताच बघितलं. तो दिवस मोकळा सोडला तर सगळा आठवडा खातो. मग तो आखून घेऊ. याला रीफीड म्हणतात. नाव जड आहे, काम साधं."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. रविवारी चोवीसशे. म्हणजे त्या दिवशी कमीही नाही आणि जास्तही नाही, शरीराला जेवढं लागतं तेवढंच. जास्तीचे पाचशे पाव, भात, बटाटे यांतून घ्यायचे. लोणी आणि तेल हात राखून, कारण कॅलरी सगळ्यांत भराभर तिथेच वाढतात. बाहेर काही नाही, वडिलांच्या टेबलावर बसून, एका बैठकीत. डबा घरी आणायचा नाही.

"याचा उपयोग काय, तर तुम्हाला सोमवारी परत शिस्तीत यायला बळ मिळेल. अंगातला अशक्तपणा जाईल. चालताना पाय उचलतील. जादू म्हणाल तर ती नाही. सहा दिवसांचे तीन हजार मात्र शाबूत राहतात." मग त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "आणि एक. काही माणसांना एक घास मिळाला की थांबताच येत नाही. तसं वाटलं तर लपवू नका. मग आपण ठरवलेला रविवारही काही दिवस बाजूला ठेवू."

"आणि वडिलांना काय सांगू?"

"खरं सांगा," बाई म्हणाल्या.

तेच अवघड होतं. कारण वडिलांना ती खाली आल्याचं माहीतच नव्हतं. त्यांच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून साइट दिसायची, आणि जुनी दुर्बीण घेऊन ते रोज सकाळी क्रेन बघायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, ती बघा माझी लेक. आपण तिथे नाही, असं त्यांना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

त्या रविवारी बेल वाजवून ती आत गेली आणि हात धुवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. मी क्रेनवर नाहीये."

"माहीत आहे," वडील म्हणाले. ते कांदा चिरत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"कसं माहीत?"

"दोन महिने होत आले. पहिल्याच दिवशी कळलं. ओझं झुलत होतं. तुझं ओझं कधी झुलत नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "म्हटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगेल."

घार खुर्चीत बसली ती बसलीच. मग तिनं सगळं सांगितलं, पंचाण्णवचा आकडा, एकावन्नशेचा रविवार, काकडीचे रविवार, बेकरीचा पाव. वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या जेवणानं तुला खाली आणलं."

"तुमच्या जेवणानं नाही, बाबा. मी कुठे थांबायचं ते ठरवलं नव्हतं, त्यानं. त्या बाई म्हणतात, रविवार पाहिजेच. फक्त मापात."

'माप' हा शब्द ऐकला आणि म्हाताऱ्याचे डोळे चमकले. उभं आयुष्य मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम केलेला माणूस तो.

"किती मापात?"

तिनं कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "लोणी किती?"

"दहा ग्रॅम."

"कमीजास्त किती चालेल?"

"बाबा, हे लेथचं काम नाही."

"कुठल्याही कामात किती कमीजास्त चालेल ते ठरलेलं असतं," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात डिजिटल काटा आला आणि फ्रिजवर एक कागद लागला, वर लिहिलेलं 'रविवार', खाली रेघा मारलेल्या.

त्यानंतरचे रविवार बघण्यासारखे असायचे. वडील रश्श्यावरचं तेल चमच्यानं काढून घ्यायचे, बटाटे तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजायचे आणि सांगायचे, "तळलेल्यापेक्षा बरे झालेत, उगीच इतकी वर्षं तेल फुकट घातलं." पाव मात्र पूर्वीइतकाच सुंदर, फक्त छोटा. केकचा एक तुकडा, वजन करून, आणि उरलेला शेजारच्या दोन घरांत. घार जेवायला एक तास घ्यायची. घाईनं खायची सवय कधी गेली ते तिलाच कळलं नाही. डबा मिळायचा नाही, त्याबद्दल वडिलांना पहिले दोन रविवार फार वाईट वाटलं. मग ते तिला डब्याऐवजी गॅलरीतली कोथिंबीर बांधून देऊ लागले.

पहिल्या आखलेल्या रविवारनंतरच्या सोमवारी ती काट्यावर उभी राहिली आणि हबकली. शनिवारपेक्षा सव्वा किलो जास्त. तिनं डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, आज काही खायचं नाही. नवऱ्यानं टेप आणली, तिच्या कंबरेला लावली आणि वाचली.

"गेल्या सोमवारी होती तेवढीच आहे. चरबी सव्वा किलो वाढली असती तर माझ्या टेपला कळलं असतं. डबा घे. आणि त्या बाईंना फोन कर."

फोनवर बाई हसल्या. "पाणी आहे ते. पाव, भात, बटाटे खाल्ले की शरीर ते साठवतं, आणि त्याच्याबरोबर पाणी धरून ठेवतं. त्यात मीठ. शिवाय पोटात अजून अन्न आहेच. सव्वा किलो चरबी व्हायला तुम्हाला रविवारी नऊ-दहा हजार जास्तीचे खावे लागले असते. आज उपाशी राहू नका, नाहीतर बुधवारी परत बेकरी. गुरुवारपर्यंत वाट बघा."

गुरुवारी आकडा शनिवारच्या खाली दोनशे ग्रॅम आला. तेव्हापासून सोमवारी काटा पलंगाखाली सरकवून ठेवायचा, असा घरात नियम झाला. ती फक्त शनिवारी सकाळी वजन करायची आणि वहीत लिहायची.

असे आठवडे जात राहिले. शंभरच्या खाली पहिल्यांदा आली त्या शनिवारी तिनं मुकादमाला सांगितलं आणि त्यानं वॉकीटॉकीवरून सगळ्या साइटला. दुसऱ्या चालकानं वरून भोंगा वाजवला. जमिनीवर दिवसभर चालून तिचे गुडघे आधी कुरकुरायचे, ते आता गप्प झाले होते.

मध्ये वडिलांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. वर्कशॉपमधले त्यांचे सात जुने मित्र जमले, प्रत्येकानं काहीतरी करून आणलं, आणि त्या दिवशी काटा कपाटात गेला. घार पोटभर जेवली. केकचे दोन तुकडे खाल्ले, हसली, एका म्हाताऱ्याबरोबर दोन पावलं नाचलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जुनी ती खाज सुटली, की आता बिघडलंच आहे तर हा आठवडा जाऊ दे. ती डब्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग डबा उचलला आणि कामावर गेली.

मंगळवारी तिनं बाईंना स्वतःहून सांगितलं.

"किती झालं असेल?" बाईंनी विचारलं.

"हजार-बाराशे जास्त."

"म्हणजे आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा गेला, थोडा जास्तच. दोन हिस्से राहिले. वाढदिवसाला माणूस जेवतो, ताई. आठवडा बुडतो तो त्या जेवणानं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुडतो. तुमचा दुसरा दिवस कसा होता?"

"नेहमीसारखा."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं. "आता एक वाईट बातमी. तुम्ही हलक्या झालात, म्हणून तुम्हाला आता चोवीसशे लागत नाहीत. साडेबावीसशे लागतात. रोजचंही थोडं उतरवावं लागेल आणि रविवारचंही."

"रविवारचंही?" घार म्हणाली. "बाबांना तुम्हीच सांगा."

वडिलांनी ते ऐकून फक्त फ्रिजवरचा कागद काढला आणि नवा लावला.

वजनाची तारीख आली ती नेमकी सोमवारची. सेफ्टीसाहेबांचं पत्र आलं, सकाळी आठ वाजता हजर राहा. पत्र आलं त्याच्या आदल्या शनिवारी घरच्या काट्यावर पंचाण्णव पूर्णांक एक होतं आणि अजून एक आठवडा हातात होता. रविवारचं जेवण म्हणजे सोमवारी किलोभर पाणी. ती साहेबांकडे गेली, तारीख शुक्रवार करता येईल का विचारायला. साहेबांनी मान हलवली. तपासणीचे लोक बाहेरून येणार होते, दिवस बदलणार नव्हता.

"बाबा, या रविवारी मी जेवायला येणार नाही," तिनं फोनवर सांगितलं. "नुसती बसायला येईन. साधं खाऊन येईन."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वडील म्हणाले, "पाणी उतरायला दिवस किती लागतात?"

"तीन-चार."

"मग बुधवारी कर ना तुझा रविवार."

"बुधवारी मी कामावर असते, बाबा."

बुधवारी दुपारी बाराला साइटच्या फाटकावर वडील उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात झाकणाचं मोठं पातेलं फडक्यात बांधलेलं. रखवालदारानं त्यांना पाहुण्यांचं पांढरं हेल्मेट दिलं. ते त्यांच्या कानांवर आलं. मुकादमानं सिमेंटच्या पोत्यांच्या सावलीत दोन उलट्या बादल्या मांडल्या आणि घार बापाशेजारी बसून जेवली. रस्सा, भात, छोटा पाव, भाजलेले बटाटे. सगळं साडेबावीसशेच्या हिशोबातलं, बाकीचा दिवस धरून. परांच्या बांधणारा गडी वास घेत आला.

"ताई, चीट डे का आज?"

"नाही," वडिलांनीच उत्तर दिलं. "आज बुधवार आहे."

गड्याला काही कळलं नाही, पण पावाचा तुकडा मिळाला म्हणून तो खूश झाला. जेवण झाल्यावर वडील मान वर करून क्रेनकडे बघत राहिले. इतक्या जवळून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. "एवढी उंच आहे होय," ते हळूच म्हणाले, आणि घारीच्या लक्षात आलं की दुर्बिणीतून बघताना त्यांना भीती वाटली नव्हती, आता वाटतेय. तिनं त्यांचा हात धरला आणि ते दोघं तसेच बसून राहिले, मुकादमाची शिट्टी वाजेपर्यंत.

सोमवारी सकाळी आठ वाजता काट्यानं चौऱ्याण्णव पूर्णांक सात दाखवलं. सेफ्टीसाहेबांनी दोनदा बघितलं, सही केली आणि पेन खिशाला लावता लावता हात पुढे केला. "बरं झालं," ते म्हणाले. "तुमच्या जागी कोण बघायचं या विचारानं मला झोप नव्हती."

शिडी चढताना ती पूर्वी तीन टप्प्यांवर थांबायची. त्या दिवशी एकाच टप्प्यावर थांबली. केबिनची खुर्ची दुसऱ्या चालकानं पुढे ओढून ठेवली होती, ती तिनं मागे घेतली आणि मग पुन्हा थोडी पुढे, कारण पोट आता आड येत नव्हतं. काच पुसली. वॉकीटॉकी चालू केला. खालून आवाज आला, "सळ्यांचा गठ्ठा, पूर्वेच्या कोपऱ्यात, घारताई."

"आले," ती म्हणाली, आणि हुक खाली सोडला.

पुढच्या रविवारी वडिलांनी दार उघडलं आणि विचारलं, "आता पास झालीस. आता बटाटे तळू का?"

घारीनं विचार केला. तिला तळलेले बटाटे खरंच हवे होते. "तळा," ती म्हणाली. "पण मोजून. आणि केक नको मग."

"केक तर झालाय."

"मग बटाटे भाजा."

वडील कुरकुरत आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी आतून हाक मारली, "अर्धे तळतो, अर्धे भाजतो आणि केकचा तुकडा अर्धा देतो. जमतं का बघ." कागदावर लिहून त्यांनी हिशोब केला होता. घारीनं तो तपासला. चौदा कॅलरींचा फरक होता.

"जमतंय," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.